मामाच्या ड्रमची दाबलेली कॉपी

मला राग पटकन येतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणाची तक्रार नको. घरातल्या सगळ्यांच्या वाटणीचा राग देवानं हिच्या एकटीच्या नाकावर ठेवलाय, असं आई म्हणायची. धंदा मात्र माझा शांत बसून ऐकायचा. लोक गातात, वाजवतात, रेकॉर्ड करतात, आणि मग कुठलं वाद्य किती पुढे, किती मागे हे ठरवून मी त्याचं गाणं करते. याला मिक्सिंग म्हणतात. स्टुडिओ तळघरात, वर भावाचं पडद्यांचं दुकान. त्याचे न खपलेले जाड पडदे माझ्या चारही भिंतींवर आहेत. त्यामुळे खोलीत आवाज घुमत नाही, आणि आपण बहिणीवर फार मोठे उपकार केलेत असं भावाला वाटत राहतं.

त्या शनिवारी सकाळी दहाला तिघं जण आले. पहिला माझा मामा. वय सहासष्ट, आयुष्यभर लोकांच्या घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचले आणि उरलेल्या वेळात ड्रम वाजवले. दुसऱ्या बाई. या मामाच्या बँडच्या गायिका, निवृत्त मुख्याध्यापिका, आणि अजूनही समोरच्यानं नखं कापलीत का ते बघूनच बोलायला सुरुवात करतात. तिसरे त्यांचे जावई. बाईंनी स्वतः लिहिलेली आठ गाणी चाळीस वर्षं नुसतीच वाजत होती, त्यांची आता कुठे रेकॉर्ड होत होती, आणि ती बाजारात आणण्याची जबाबदारी जावयांनी घेतली होती. ते जाहिराती बनवतात. त्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्ट पहिल्या तीन सेकंदांत कळते, असा त्यांचा समज आहे.

चार वाजता गाणी पुढच्या माणसाकडे पाठवायची होती. मी पहिलं गाणं लावलं आणि हाताची घडी घालून बसले. माझ्या मते काम चोख झालं होतं.

तिसऱ्याच सेकंदाला जावई म्हणाले, "ताई, ड्रममध्ये जोर नाहीये."

"पूर्ण ऐकून घ्या."

त्यांनी पूर्ण ऐकलं. "ठोसा बसत नाही. तो मधला ड्रम आहे ना, तो पुठ्ठ्याच्या खोक्यावर टिचकी मारल्यासारखा वाटतोय."

मधला ड्रम म्हणजे स्नेअर. दर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला जो ठण्णकन वाजतो आणि ज्याच्यावर ऐकणाऱ्याची मान हलते, तो. मला बोलायला तोंड उघडायचं होतं, पण पंचाईत अशी की माणूस बरोबर बोलत होता. खोकंच वाजत होतं.

मामा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला होता. त्यानं डाव्या हाताचं मनगट उजव्या हातानं धरलं आणि मांडीवर ठेवलं. गेल्या वर्षी तो न्हाणीघरात घसरला होता. मनगटाचे दोन तुकडे, आत धातूची पट्टी, सात महिने काठी हातात नाही. रेकॉर्डिंग झालं ते त्यानंतर. आणि स्नेअर वाजतो डाव्या हातानं.

"माझ्याकडे तयार आवाज आहेत," जावई म्हणाले आणि खिशातून एक पेनड्राइव्ह काढला. "मोठ्या स्टुडिओत रेकॉर्ड केलेले ठोके. यांचा एकेक ठोका काढायचा, तिथे यातला एकेक टाकायचा. दहा मिनिटांचं काम आहे, कुणाला कळणारसुद्धा नाही."

"मला कळेल," मी म्हणाले.

"तुम्ही कॅसेट विकत घेणार नाही ना, ताई."

"कॅसेट आता कुणीच घेत नाही," बाई म्हणाल्या. "वाद घालू नका. हिला चार वाजेपर्यंत वेळ द्या. चारला जे उभं असेल ते जाईल. ड्रम उभे राहिले नाहीत तर तुमचे तयार ठोके." मग मामाकडे वळून हळू आवाजात विचारलं, "चालेल ना तुम्हाला?"

मामा म्हणाला, "चालेल की. गाणं चांगलं झालं पाहिजे."

मी त्याला तेहेतीस वर्षं ओळखते. त्याचं 'चालेल की' म्हणजे अजिबात चालणार नाही, पण मी रडणार नाही, असं असतं. तेव्हाच मी ठरवलं की या माणसाचा एकही ठोका मी काढू देणार नाही.

आता मी काय करत होते ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मामाच्या ड्रमला नऊ माइक होते. ते सगळे एका वाटेवर एकत्र येतात, तिला आम्ही ड्रम बस म्हणतो. आवाजाला जोर आणायचा तर त्यावर कॉम्प्रेसर लावतात. हे यंत्र मोठा आवाज दिसला की त्याला खाली दाबतं. मग लहानमोठ्यातलं अंतर कमी होतं आणि तुम्ही एकूण आवाज वर घेऊ शकता. पण ते थेट ड्रम बसवर जोरात लावलं तर घात होतो. काठी कातड्यावर पडते तो पहिला क्षण, ठोक्याचं टोक, तेच सगळ्यात मोठं असतं, म्हणून यंत्र पहिल्यांदा तेच खातं. माणूस मारतो 'ठण्' आणि ऐकू येतं 'थप्'.

म्हणून दोन वाटा करायच्या. एक वाट सरळ, तिला बोटसुद्धा लावायचं नाही. दुसरीवर त्याच ड्रमची कॉपी पाठवायची आणि तिला कॉम्प्रेसरनं बेदम दाबायचं, काटा पार पंधरा-वीस डेसिबल खाली जाईपर्यंत. मग ही दाबलेली कॉपी सरळ ड्रमच्या खाली हळूहळू मिसळायची. याला पॅरलल कॉम्प्रेशन म्हणतात.

हे मी जावयांना समजावत होते. ते मान डोलवत होते आणि फोन बघत होते. बाईंना मात्र झटकन कळलं.

"म्हणजे दोन वर्ग झाले," त्या म्हणाल्या. "एका वर्गात पोरांना हवा तेवढा दंगा करू दिलास. दुसऱ्या वर्गातल्या आरडाओरडा करणाऱ्यांना गप्प बसवलंस, म्हणून मागच्या बाकावरची पोरं काय म्हणतात ते ऐकू आलं. आणि मग दोन्ही वर्गांचा आवाज एकत्र केलास."

"अगदी तसंच, बाई. टोकं पहिल्या वर्गाची, भरीवपणा दुसऱ्याचा."

"मग ते खोक्यासारखं का वाजतंय?"

शिक्षक मंडळींचं हेच वाईट. कौतुक करता करता प्रश्न विचारतात.

ही दाबलेली कॉपी मी माझ्या लोखंडी कॉम्प्रेसरमधून काढते. जुनं यंत्र आहे, बावीस किलोचं, वर एक हिरवा दिवा आणि एक काटा. कॉम्प्युटरमधून आवाज बाहेर काढायचा, त्यातून फिरवायचा, परत आत आणायचा. पहिल्या मिक्समध्ये ती कॉपी थोडी मिसळलेली होतीच. कमी पडली असेल, म्हणून मी तिचा फेडर, म्हणजे ती वरखाली करायची सरकती कळ, थोडी वर नेली.

स्नेअर अजून बारीक झाला.

मी अजून वर नेली. अजून बारीक. असं होतच नाही. खाली भर घातल्यावर वरचं वाढायला हवं, निदान होतं तितकं तरी राहायला हवं. मी कॉम्प्रेसरचा वेग बदलला. सिंबलची, म्हणजे ड्रमच्या वरच्या पितळी थाळ्यांची, चरचर फार वर येत होती, ती कॉपीत कमी केली. फरक शून्य. मग मी चिडले, आणि चिडले की मी दोषी शोधायला निघते. आधी माइकला शिव्या दिल्या. मग जावयांना फोन बाहेर ठेवायला लावला. मग वर जाऊन भावाला शिलाई मशीन बंद करायला सांगितलं. त्यानं विचारलं की याचा आणि स्नेअरचा काय संबंध. मी म्हटलं, तुला नाही कळायचं. खरं तर मलाही कळत नव्हतं.

बारा वाजले. एकदा, दोनदा, दहादा तोच तुकडा वाजवला. आणि मग, मागे वळूनसुद्धा न बघता, माझ्या तोंडून गेलं, "मामा, तू हलकाच वाजवलायस रे."

खोलीत पडदे असले की एक तोटा असतो. बोललेलं कुठे विरत नाही, होतं तसं समोर उभं राहतं.

"हो गं," मामा म्हणाला. "वाजवला असेन. हात पूर्वीचा राहिला नाही आता." मग उठला, चप्पल घातली. "तुझी मामी जेवायला थांबली असेल. तुम्ही घाला ते तयार ठोके. उगीच माझ्यासाठी खोळंबू नका."

मी काहीतरी म्हणेपर्यंत तो जिना चढून गेला. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की माझी दहावीची सगळी प्रगतिपुस्तकं डोळ्यांसमोर आली.

"मी खरं तेच बोलले," मी म्हटलं.

"विचारलं का मी?" बाई म्हणाल्या.

जावयांनी पेनड्राइव्ह टेबलावर माझ्या हाताजवळ सरकवला. काही न बोलता. तेवढी अक्कल त्यांना होती.

दीडला मामीचा फोन आला. "काय केलंस तू त्याला?"

"काही नाही. का?"

"काही नाही कसं? आल्या आल्या ड्रम सोडायला बसलाय. एकेक स्क्रू काढून पिशवीत भरतोय. संगीत शाळेला फोन केलाय, चार वाजता त्यांची गाडी येतेय न्यायला. म्हणतो, पोरं तरी वाजवतील. जेवला नाही."

"मामी, त्याचा हात... म्हणजे तो हल्ली हळू वाजवतो का गं?"

"हळू?" मामी भडकली. आमच्यात राग मामीकडूनही येतो, रक्ताचं नातं नसताना. "काल संध्याकाळी खालच्या मजल्यावरचा भांडायला आला होता. म्हणाला, छताचा चुना माझ्या चहात पडला. हळू म्हणे. तू कान साफ करून घे."

तिनं फोन ठेवला. मी तो हातात धरून बसले.

ज्याच्या ठोक्यानं दुसऱ्याच्या चहात चुना पडतो, त्याचा स्नेअर माझ्याकडे येऊन खोकं का होतो? म्हणजे खोकं माझ्याकडे तयार होतंय. हा विचार मला सकाळी सुचायला हवा होता. पण त्यासाठी आधी आपण चुकू शकतो असं वाटावं लागतं, आणि त्याची मला सवय नाही.

मी दाबलेली कॉपी पूर्ण बंद केली. नुसते सरळ ड्रम लावले. स्नेअर भरून आला. जरा साधा, गिटारच्या गर्दीत मागे पडणारा, पण भरीव आणि जिवंत. कॉपी चालू केली, खोकं. बंद केली, माणूस.

"हे काय चाललंय?" जावई खुर्ची ओढून जवळ आले.

"मिळवल्यावर कमी होतंय. म्हणजे दोन वाटा एकमेकींना खातायत. थांबा, ही कॉपी नुसती ऐकू दे."

हे मी एरवी कधीच करत नाही. दाबलेली कॉपी एकटी ऐकायची नाही, हा माझाच नियम. ती एकटी भयानकच वाजते, आणि लोक तिला सुंदर करायच्या नादात बिघडवतात. पण आता इलाज नव्हता. सरळ ड्रम बंद केले, कॉपी एकटी चालू केली, आवाज वाढवला.

धबाधब, चिरडलेले, श्वास लागल्यासारखे ड्रम आले. आणि दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत, जिथे एरवी काहीच ऐकू येत नाही, तिथे स्टुलाची करकर आली, पायांची खटखट आली, आणि मामा आला.

"...दोन, तीन, चार. धावू नकोस दातवाल्या, धावू नकोस..."

दातवाला म्हणजे त्यांचा बेस गिटारवाला, व्यवसायानं दंतवैद्य. जावई हसायला लागले. मामा वाजवताना तोंडातल्या तोंडात बडबडत होता आणि डोक्यावरच्या माइकनी सगळं टिपलं होतं. सरळ ड्रममध्ये ती बडबड ठोक्यांच्या खाली गाडली गेलेली. इथे ठोके दाबले की लगेच यंत्र हात सोडत होतं, आणि मधल्या फटीतून बारीकसारीक सगळं वर येत होतं. मामानं बडबडू नये असं कुणी त्याला सांगितलंच नव्हतं.

"...आता बाई येतील. येतील. आल्या. अर्धा ठोका उशिरा. दरवेळी..."

जावयांनी हसू दाबायला तोंडावर हात ठेवला. बाई ताठ बसल्या. "मी उशिरा येते?"

"बाई, जरा थांबा."

"चाळीस वर्षं मी शाळेत घंटेच्या आधी पोचलेली बाई आहे."

"बाई, ऐका."

कारण गाणं तिसऱ्या कडव्याला आलं होतं. तिथे मामा सगळ्यात जोरात वाजवतो. तिथे त्याची बडबड बदलली होती. ना दातवाला, ना बाई. प्रत्येक स्नेअरच्या ठोक्यानंतर, श्वास आत ओढत, फक्त दोन शब्द. "दुखत नाही." ठोका. "दुखत नाही." ठोका. "दुखत नाही." सोळा वेळा. एकदाही ताल सोडला नाही. आणि त्या मोठ्या ठोक्यांच्या मध्ये डाव्या हाताचे अगदी बारीक, कुजबुजल्यासारखे ठोकेही होते, प्रत्येक आपापल्या जागी.

गाणं संपलं. जावई हसायचे थांबले होते. बाईंनी पदराच्या टोकानं चष्मा पुसला आणि तो पुन्हा लावायचा विसरल्या.

मला रडू आलं. लपवण्यात अर्थ नाही, चांगलं भोकाड पसरायच्या बेतात होते. त्या माणसानं दुखरा हात घेऊन माझ्यासमोर आठ गाणी वाजवली होती, आणि मी मागे वळूनही न बघता त्याला हलका म्हणाले होते.

"रडायचं नंतर," बाई म्हणाल्या. "दोन वाजलेत. दोन वाटा एकमेकींना का खातायत?"

त्या प्रश्नानं डोकं ठिकाणावर आलं. मी खुर्ची सोडून यंत्राच्या मागे गेले, आणि तिथे मला नवी डबी दिसली. कॉम्प्युटरमधला आवाज बाहेर काढणारी आणि आत घेणारी डबी. जुनी मंगळवारी जळाली होती, मी नवी आणून जोडली होती. आवाज बाहेर जाऊन लोखंडी यंत्रातून फिरून परत यायला अगदी किंचित वेळ लागतो. तो किती ते मोजून कॉम्प्युटरला सांगावं लागतं, म्हणजे तो परत आलेली कॉपी तितकीच आधी सरकवून बरोबर जागेवर बसवतो. तो आकडा मी सहा वर्षांपूर्वी मोजला होता, जुन्या डबीवर. नव्या डबीला जास्त वेळ लागत होता. मी नवीन आकडा मोजलाच नव्हता.

ज्या चुकीबद्दल मी आजवर निदान वीस जणांना याच खोलीत झापलंय, तीच.

एक 'टिक' रेकॉर्ड केली, बाहेर पाठवली, परत घेतली आणि दोन्ही एकाखाली एक ठेवून बघितल्या. परत आलेली सेकंदाचा पाचशेवा भाग उशिरा होती. दोन वेगळे ठोके ऐकू यायला हा उशीर फार थोडा आहे. पण स्नेअरचा जो भरीव आवाज असतो, त्याची लहर या वाटेत वर जात असताना त्या वाटेत बरोबर खाली येत होती. दोन्ही मिळाल्या की पोट गायब, नुसतं कवच. कॉपी जितकी वाढवावी तितका स्नेअर पोकळ.

"म्हणजे तुझा दुसरा वर्ग अर्धा ठोका उशिरा येत होता," बाई म्हणाल्या.

"अर्ध्या ठोक्यापेक्षा फारच कमी."

"उशीर तो उशीर," त्या म्हणाल्या, आणि मग स्वतःच गप्प झाल्या.

नवा आकडा घातला. खात्री करायला कॉम्प्रेसरचं दाबणं बंद केलं, कॉपीची लहर उलटी केली आणि सरळ ड्रमशी मिळवली. दोन्ही जागेवर असतील तर एकमेकींना पुसून टाकतात. समोरून जेमतेम कुजबुज आली. इतकी छान शांतता मी बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती. मग कॉपी पुन्हा सुलटी केली, दाबणं चालू केलं, फेडर तळाला नेला आणि गाणं लावून तो हळूहळू वर घेतला.

स्नेअर उभा राहिला. ठोक्याचं टोक होतं तसंच, मामानं मारलं तसं, कुठे बोथट नाही. कारण ते सरळ वाटेवरून येत होतं आणि दाबलेली कॉपी त्याच्यापुढे त्या क्षणी किरकोळ होती. पण टोकाच्या मागून आता अंग येत होतं. मोठ्या ढोलाला छाती आली. डाव्या हाताचे बारीक ठोके गिटारच्या मधून दिसायला लागले. बडबड मात्र बाकीच्या वाद्यांत पार बुडून गेली. फेडर आणखी वर नेल्यावर सिंबल फुगायला लागले, म्हणून दोन पावलं मागे आले.

मग मी एकूण आवाज मोजून पहिल्याइतकाच ठेवला. नुसता आवाज मोठा झाला तरी लोकांना सगळंच आवडतं, आणि जावयांना मी ती सवलत देणार नव्हते.

त्यांनी तीन सेकंद ऐकलं. मग तीन मिनिटं ऐकलं. मग पेनड्राइव्ह उचलला आणि खिशात टाकला. "ताई, हे तयार ठोके मी दुसऱ्या कामाला वापरीन."

"वापरा."

"पण एक सांगू? सकाळीच नीट ऐकवलं असतंत तर..."

"जावईबापू," बाई म्हणाल्या, "गाडीची किल्ली आणा. आपल्याला त्यांच्याकडे जायचंय."

बाकीच्या सात गाण्यांतही तोच आकडा घालून आठही गाणी पाठवली आणि मामाच्या घरी पोचलो, तेव्हा पावणेचार झाले होते. ड्रम हॉलमध्ये निम्मे सुटलेले, सिंबल जुन्या चादरींत गुंडाळलेले, आणि मामा जमिनीवर बसून स्टँडचे पाय मिटत होता. दोन्ही वाटा रेकॉर्ड करून आणलेला लॅपटॉप मी त्याच्यासमोर ठेवला आणि हेडफोन पुढे केला.

"मामा, मी चुकले. तू हलका वाजवला नव्हतास. माझ्याकडे कॉपी उशिरा येत होती, ती तुझा आवाज खात होती."

मामानं वर बघितलं. मग आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाला, "अगं ऐकलंस का, ही 'चुकले' म्हणाली. कॅलेंडरवर लिहून ठेव."

मामी बाहेर आली. पण मामानं हेडफोन घेतला नाही. "तू माझी समजूत काढायला आलीयस. यंत्रानं मोठा केला असशील. मला माहितेय, तुमच्याकडे सगळं करता येतं."

मला हीच भीती होती. राग आला असता तर बरं झालं असतं. त्याच्या चेहऱ्यावर नुसता समजूतदारपणा होता, आणि तो मला सहन होत नाही.

"तूच ठरव मग," मी म्हटलं. "हा फेडर तुझ्या हातात घे. आता तळाला आहे, म्हणजे यंत्र नाहीच, नुसता तू आहेस. हळूहळू वर घे. ठोक्याचं टोक बदलतं का बघ. आणि हे यंत्र फक्त असलेलं वर आणतं, मामा. जे वाजवलंच नाही ते त्याला आणता येत नाही."

त्यानं हेडफोन घातला. आम्हाला ऐकू यावं म्हणून मी लहान स्पीकरही जोडला. मामाचं बोट फेडरवर होतं. तो वर गेला, खाली आला, परत वर गेला. तिसऱ्या कडव्याला त्यानं तो मध्येच थांबवला आणि मान तिरकी केली.

"ते बारीक ठोके माझे?"

"दुसरं कोण होतं तिथे?"

"मला वाटलं ते वाजलेच नाहीत. तेव्हा हाताला काही कळतच नव्हतं." तो थोडा वेळ ऐकत राहिला. मग त्याच्या काहीतरी लक्षात आलं आणि त्यानं हेडफोन एका कानावरून सरकवला. "दाबलेली कॉपी तू एकटी ऐकलीस?"

"ऐकली."

"बाईंनी?"

"मी उशिरा येते तेही ऐकलं," बाई दारातून म्हणाल्या. "त्याबद्दल आपण सोमवारी बोलू. सोळा वेळा काय म्हणालात तेही ऐकलं."

"काय म्हणाला हा?" मामीनं विचारलं.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. संगीत शाळेची होती. मामीनं खिडकीतून बघितलं, मग मामाकडे, मग त्याच्या डाव्या मनगटाकडे. तिला इतके महिने तो सांगत आला होता की सगळं ठीक आहे.

मामानं हेडफोन काढून मांडीवर ठेवला. "दुखतं गं," तो तिला म्हणाला. "वाजवताना दुखतं. तिसऱ्या कडव्याला तर डोळ्यापुढे अंधारी येते. म्हटलं, कळलं तर तुम्ही सगळे मला बंद करायला लावाल."

मामी त्याच्याशेजारी जमिनीवर बसली. तिनं त्याचं मनगट हातात घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं, आणि ती आता त्याला काय काय बोलणार याची आम्ही तिघं वाट बघत उभे राहिलो.

"वाजतं तरी कसं?" तिनं मला विचारलं.

"चांगलं वाजतं, मामी."

"मग सोमवारी आधी डॉक्टर आणि नंतर ड्रम," ती म्हणाली, आणि जावयांना म्हणाली, "तुम्ही जरा खाली जाऊन त्या गाडीवाल्याला सांगा, हे ड्रम कुठे जात नाहीयेत."